शेवटच्या फेरीनंतरचे दहा कामाचे दिवस

"मावशी, एवढं वाचून सांग ना, पाठवू का?" असं म्हणत भाचीने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. मेल तीन परिच्छेदांचा होता. पहिल्यात मुलाखतीची संधी दिल्याबद्दल आभार, दुसऱ्यात आपण त्या कामासाठी कसे योग्य आहोत याचं वर्णन, तिसऱ्यात आपल्या सकारात्मक उत्तराची प्रतीक्षा. वर विषयाच्या जागी दोनच शब्द होते: `Gentle Reminder`.

पुण्यात सोळा वर्षं मी सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी भरतीचं काम केलं, आधी कन्सल्टन्सीत आणि मग कंपनीच्या आत बसून. असे मेल मला रोज यायचे. मी ते वाचायचे, लिहिणाऱ्याबद्दल वाईट वाटायचं आणि उत्तर द्यायचं राहून जायचं. मेलमध्ये चूक काही नसायची, भाषाही नम्र असायची. पण तो हातात घेऊन मी पुढे काय करायचं, ते त्यात नसायचं. म्हणून भाचीला म्हटलं, "आज पाठवू नकोस. आधी मला सांग, शेवटच्या फेरीनंतर नेमकं काय काय झालं?"

तिची हकिकत अशी. खराडीतल्या एका कंपनीत साडेपाच वर्षं जावा बॅकएंडचं काम, नोटीस पिरियड ९० दिवसांचा. नव्या कंपनीत चार फेऱ्या झाल्या: ऑनलाइन कोडिंग टेस्ट, दोन तांत्रिक मुलाखती आणि गुरुवारी ५ जूनला मॅनेजरबरोबर शेवटची फेरी. त्याच संध्याकाळी रिक्रूटरचा फोन आला. फीडबॅक छान आहे, पुढच्या आठवड्यात कळवते, असं म्हणाली आणि मेल करून मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा व फॉर्म १६ मागितला. भाचीने दुसऱ्याच दिवशी दोन्ही पाठवले. त्यानंतर काहीच नाही. मध्ये एकदा व्हॉट्सॲप केलं, निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. आम्ही बोलत होतो तो दिवस बुधवार, १८ जून.

"नाही म्हणायचंय, पण सांगायचं धाडस होत नाहीये त्यांना," असा निष्कर्ष तिने काढला होता. मला तसं वाटलं नाही. सॅलरी स्लिपा मागितल्या, या एका गोष्टीने बराच उलगडा होत होता.

उमेदवाराला मुलाखत ही शेवटची पायरी वाटते. कंपनीच्या आत खरं काम तिथून सुरू होतं. पहिल्यांदा प्रत्येक मुलाखतकाराने भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये आपला फीडबॅक फॉर्म भरायचा असतो. सगळे फॉर्म आल्याशिवाय उमेदवाराचं नाव पुढच्या टप्प्यावर सरकत नाही. मुलाखत घेणारे स्वतः डेव्हलपर असतात, त्यांच्यामागे रिलीज असते, आणि तोंडी "चांगली आहे, घेऊया" म्हणणारा माणूस फॉर्म भरायला चार दिवस लावतो. ते चार दिवस रिक्रूटरला त्याच्या मागे लागण्यात जातात.

त्यानंतर येतं फिटमेंट. म्हणजे या उमेदवाराला किती पगार द्यायचा, याचा हिशोब. सॅलरी स्लिपांचा उपयोग इथे होतो. तुमचा आजचा पगार, तुम्ही मागितलेला पगार, त्या पदासाठी ठरलेला पट्टा आणि त्या टीममध्ये तेवढ्याच अनुभवाची जी माणसं आज काम करताहेत त्यांचा पगार, हे शेजारी शेजारी ठेवलं जातं. तुमची मागणी पट्ट्यात बसत असेल तर एक-दोन दिवसांत काम होतं. पट्ट्याच्या वर जात असेल तर खास मंजुरी लागते, आणि ती मागताना टीममधल्या जुन्या माणसांच्या पगाराचा प्रश्न निघतो. कागद तिथे रेंगाळतो.

मग मंजुऱ्यांची साखळी. आधी मॅनेजर, मग त्या विभागाचा एचआर, मग फायनान्स. आणि जागेचा खर्च परदेशातल्या ऑफिसच्या खात्यावर पडत असेल तर तिथलं कुणीतरी. प्रत्येकाला सॉफ्टवेअरकडून एक मेल जातो, त्यात मंजुरीचं बटण असतं. बटण दाबायला पाच सेकंद लागतात, पण त्या माणसाच्या इनबॉक्समध्ये तसले तीस मेल पडलेले असतात. तो रजेवर असला तर त्याला वगळून पुढे जाता येतं असंही नाही. त्यातून हा जून महिना. तिमाही संपत आली की खर्चाचे आकडे पुन्हा तपासले जातात, आणि मंजूर झालेल्या जागाही काही दिवस थांबवून ठेवतात.

या काळात रिक्रूटरकडे सांगण्यासारखं काही नसतं, असं मी म्हटलं तर भाची चिडली. "थोडं थांबा, एवढं तरी सांगता येतंच की!" तिचं बरोबर आहे. पण ते का सांगितलं जात नाही, त्यामागे माझी स्वतःची एक आठवण आहे.

मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिथे सोलापूरचा एक मुलगा शेवटच्या फेरीत निवडला गेला. मंजुरी फायनान्सकडे होती, ती येणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती. मी त्याला फोनवर सांगितलं, "झालंच समज, फक्त पत्र निघायचं आहे." त्याने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. ९० दिवस मोजायला लवकर सुरुवात व्हावी, एवढाच त्याचा विचार होता. चौथ्या दिवशी आमच्याकडे ती जागा गोठवली गेली. त्याच्या जुन्या कंपनीने राजीनामा मंजूर केला होता आणि तो मागे घेऊ द्यायला ते तयार नव्हते. त्याने मला तेव्हा केलेला फोन मी आजही विसरलेले नाही. तो ओरडला नाही, फक्त विचारलं, "मॅडम, मग आता मी घरी काय सांगू?"

त्यानंतर पत्र हातात येईपर्यंत मी कुणालाच काही बोलायचे नाही. आधी ती सावधगिरी होती, हळूहळू सवय झाली. "निवड झाली" म्हणता येत नाही आणि "नाही" म्हणायचं नाही, म्हणून काहीच बोलायचं नाही, असं होऊन बसलं. मी याचं समर्थन करत नाही. "निर्णय अजून मंजुरीत आहे, राजीनामा देऊ नका, शुक्रवारी पुन्हा कळवते" एवढं मला लिहिता आलं असतं आणि मी ते लिहायला हवं होतं. पण पलीकडची शांतता बऱ्याच वेळा अशी तयार होते, हे माहीत असलं की मेल वेगळा लिहिला जातो.

प्रत्येक शांततेमागे मंजुरीच असते असं नाही. दुसरा प्रकार असतो दुसऱ्या नंबरचा. पत्र पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला गेलेलं असतं आणि त्याच्या होकाराची वाट पाहिली जात असते. आपल्याकडे ९० दिवसांच्या नोटीसमुळे हा प्रकार फार लांबतो. पहिला उमेदवार पत्र स्वीकारतो, ते दाखवून आणखी दोन ठिकाणी पगार वाढवून घेतो आणि रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद करून ठेवतो. हे प्रत्येक रिक्रूटरने सोसलेलं असतं. म्हणून दुसऱ्या नंबरच्या माणसाला ती नकार कळवत नाही आणि होकार तर देऊच शकत नाही. अशा वेळी सहसा कागदपत्रं मागितलेली नसतात, आणि शेवटच्या बोलण्यात "टीम अजून एक-दोघांना भेटते आहे" असं काहीतरी मोघम आलेलं असतं.

तिसरा प्रकार सरळ नकाराचा. अनेक कंपन्यांत नकाराचे मेल जागा बंद करताना एकदम सगळ्यांना सॉफ्टवेअरमधून जातात. जागा बंदच झाली नाही तर मेलही जात नाही. शेवटच्या फेरीपर्यंत आलेल्या माणसाला तरी फोन करावा, अशी रीत असते. ती सगळे पाळत नाहीत. कंपनीच्या पोर्टलवर आपल्या अर्जापुढे काय लिहिलंय ते लोक दिवसातून दहादा बघतात, पण तिथले शब्द कुणीतरी हाताने टप्पा बदलला तरच बदलतात. जाहिरात अजून दिसते आहे, यावरूनही काही ठरवू नये. एकाच जाहिरातीवर चार जागा भरल्या जात असतात.

भाचीकडून स्लिपा आणि फॉर्म १६ घेतले होते, तेही शेवटच्या फेरीच्या संध्याकाळीच. म्हणजे मॅनेजरचा होकार बहुतेक झालेला होता आणि कागद फिटमेंटमध्ये किंवा त्यापुढच्या मंजुरीत अडकला होता. खात्री नव्हती, पण मेल लिहायला एवढा अंदाज पुरेसा होता.

मग मी तिला विचारलं, "या पंधरा दिवसांत तुझ्या बाजूने काही बदललं का?"

ती घुटमळली. "एक ऑफर आलीय दुसरीकडून. लेखी. २५ तारखेपर्यंत कळवायचंय. पण हे त्यांना लिहिलं तर धमकी दिल्यासारखं वाटेल ना?"

तीन परिच्छेदांच्या त्या मेलमध्ये लिहिण्यासारखी हीच एक गोष्ट होती आणि नेमकी तीच तिने गाळली होती.

रिक्रूटरच्या हातात निर्णय नसतो. तिच्या हातात असतं ढकलणं. मॅनेजरला, एचआरला, फायनान्सला ती आठवण करून देऊ शकते, पण त्यासाठी तिला कारण लागतं. माझ्याकडे एका वेळी वीस-बावीस जागा असायच्या. उमेदवार विचारतोय, असं सांगून मी फायनान्सच्या माणसाला फोन केला तर तो म्हणायचा, सगळेच विचारतात. उमेदवाराला २५ तारखेला दुसरीकडे उत्तर द्यायचं आहे, असं सांगितलं की तो विचारायचा, कुठल्या जागेचं म्हणालात? तारीख हे कारण असतं. उत्सुकता, आवड, प्रतीक्षा यांपैकी कशालाच मी कारण म्हणून पुढे करू शकत नव्हते.

म्हणून हा मेल रिक्रूटरला पाठवायचा असला तरी लिहायचा पुढच्या माणसासाठी. तिने तो न बदलता, वर एक ओळ टाकून पुढे पाठवला, तर ज्याने आपल्याला कधी पाहिलेलंच नाही त्या फायनान्सच्या माणसालाही वीस सेकंदांत कळलं पाहिजे की कुठली जागा, कुठपर्यंत आली आहे, घाई कशाची आणि कधीपर्यंत. मेल तयार झाला की मी भाचीला हीच एक कसोटी लावायला सांगितली: हा जसाच्या तसा फॉरवर्ड होऊ शकतो का? विनवणी फॉरवर्ड होत नाही, तक्रारही होत नाही. जो रिक्रूटरलाच दोष देतो असा मेल ती कशाला पुढे पाठवेल?

आम्ही नव्याने लिहिला. मेल अर्थातच इंग्रजीत गेला. त्याचा मजकूर मराठीत असा होतो:

"नमस्कार,

सीनियर बॅकएंड इंजिनिअर या जागेसाठी माझी शेवटची फेरी गुरुवारी ५ जूनला झाली. सॅलरी स्लिपा आणि फॉर्म १६ मी ६ जूनला पाठवले आहेत, ते खालच्या मेलमध्ये आहेत.

मध्यंतरी मला दुसऱ्या एका कंपनीकडून लेखी ऑफर आली आहे. तिला बुधवार २५ जूनपर्यंत उत्तर द्यायचं आहे. माझी पहिली पसंती तुमच्याकडच्या कामाला आहे, कारण पेमेंटच्या ज्या प्रणालीबद्दल शेवटच्या फेरीत बोलणं झालं, तेच काम मला पुढची काही वर्षं करायचं आहे. माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे आणि नेमणूक पत्रानुसार त्यातले ३० दिवस पैसे भरून कमी करता येतात.

मंगळवार २४ जूनपर्यंत निर्णय कळण्याची शक्यता आहे का? हो, नाही, किंवा इतक्यात सांगता येत नाही, यांपैकी जे असेल ते कळवलंत तर मला पुढचं ठरवता येईल."

खाली नाव आणि मोबाइल नंबर. एवढंच.

यातली प्रत्येक ओळ का आली आणि काय मुद्दाम गाळलं, त्यावर आमचा बराच वाद झाला. पहिल्या परिच्छेदात तारखा आहेत, कारण मेल पुढे गेला की दोन आठवडे उलटून गेलेत हे वाचणाऱ्याला आपोआप दिसतं. ते तक्रारीच्या सुरात सांगावं लागत नाही. कागदपत्रं पाठवल्याची ओळ आहे, कारण "उमेदवाराकडून कागद यायचेत" हे साखळीत सगळ्यात सोयीचं उत्तर असतं आणि ते कुणाला देता येऊ नये. पसंतीची ओळ धमकी वाटू नये म्हणून आहे, पण तिच्यात नेमकं कारण आहे. "तुमच्या नामवंत कंपनीत काम करण्याची इच्छा आहे" असं लिहिलं असतं तर ती ओळ कुणी वाचलीच नसती. उत्तर मागितलं २४ तारखेचं, २५चं नाही, म्हणजे एक दिवस हाताशी राहील. आणि प्रश्न असा की मोबाइलवरून, मीटिंगमधून, एका शब्दात उत्तर देता येईल. "काही अपडेट आहे का?" याला उत्तर द्यायचं तर रिक्रूटरला सगळी परिस्थिती लिहावी लागते, आणि ती तर तिला लिहिता येत नाही.

दुसऱ्या कंपनीचा पगार सांगावा असा भाचीचा आग्रह होता. त्याला मी ठाम नकार दिला. आकडा दिसला की घासाघीस सुरू होते. तसं झालं तर फिटमेंट नव्याने करावं लागतं आणि मग मंजुरीची साखळी पहिल्या पायरीपासून. जो कागद शेवटच्या माणसाकडे पोचला असेल तो आपण आपल्या हाताने मागे ओढल्यासारखं होतं. पगार वाढवून घ्यायचा असेल तर तो वेगळा मेल आणि त्याची वेळही वेगळी. त्या कंपनीचं नावही लिहिलं नाही. त्याची गरज नव्हती.

हातात दुसरी ऑफर नसेल तर काय, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तर नसलेली ऑफर लिहू नका. आपल्याकडे रिक्रूटर सर्रास म्हणते, त्या पत्राची प्रत पाठवा, आणि मग माघार घ्यायला जागा उरत नाही. त्याहून मोठा धोका असा की खोट्या तारखेपर्यंत खरोखरच निर्णय होणार नसेल तर ती तुमच्या नावापुढे "दुसरीकडे जात आहे" असं लिहून फाइल बंद करते. खऱ्या तारखा बहुतेकांकडे असतात, फक्त त्या तारखा म्हणून लक्षात येत नाहीत. चालू कंपनीत नव्या प्रोजेक्टसाठी एक तारखेला नाव द्यायचं असतं, घराचा भाडेकरार महिनाअखेर संपत असतो, ऑनसाइटला जाण्यासाठी होकार द्यायचा असतो. यातलंही काहीच नसेल तर एवढंच विचारावं: निर्णय कोणत्या टप्प्यावर आहे आणि मी पुन्हा कोणत्या तारखेला विचारू? तारीख तिने दिली की पुढचा मेल तिच्याच शब्दावर लिहिता येतो.

आता मेल पाठवायचा कुठे आणि कसा. भाचीने नवा मेल उघडून `Gentle Reminder` असा विषय टाकला होता. रिक्रूटरच्या इनबॉक्समध्ये त्याच दोन शब्दांचे त्या दिवशी आणखी सात मेल असणार. रिक्रूटरने कागदपत्रं मागताना पाठवलेला मेल होता, त्यालाच रिप्लाय करायला मी सांगितलं, विषयाला हात न लावता. जीमेलमध्ये विषय बदलला की मेल जुन्या साखळीतून तुटून वेगळा पडतो. खालचा इतिहास, जोडलेले कागद, जागेचा क्रमांक, सगळं वाचणाऱ्याच्या नजरेआड जातं. मुलाखतीच्या वेळेच्या मेलला रिप्लाय करायचा असेल तर पत्ता नीट बघावा. ते मेल बऱ्याचदा सॉफ्टवेअरच्या `no-reply` पत्त्यावरून येतात, आणि त्यांना दिलेलं उत्तर माणसापर्यंत पोचत नाही.

मेल परत आला तर तोही वाचावा. `550 5.1.1` असा आकडा त्यात असेल तर तो पत्ता आता अस्तित्वात नाही. पत्ता टाइप करताना चूक झाली नसेल, तर बहुधा रिक्रूटर नोकरी सोडून गेली आहे. भरतीच्या कामात कंत्राटी माणसं पुष्कळ असतात आणि ती बदलत राहतात, त्यामुळे हे अगदी घडणारं आहे. मग ती शांतता म्हणजे नकार नसतो, तुमची फाइल कुणाकडेच नसते. अशा वेळी मुलाखतीच्या कॅलेंडर निमंत्रणात आणखी कोणाची नावं आहेत ते बघून त्यांना हाच मेल पाठवावा.

कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर मेल कन्सल्टन्सीलाच जायला हवा. त्यांना पैसे मिळतात ते तुम्ही रुजू झाल्यावर, आणि वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा दर आपल्याकडे सर्रास चालतो. त्यामुळे तुम्ही लागावं ही त्यांचीही गरज असते. गप्प असतात कारण कंपनीने त्यांनाही काही सांगितलेलं नसतं. त्यांना डावलून थेट कंपनीला लिहिलं की फीच्या हक्काचा वाद उभा राहतो आणि त्यात तुमचंच काम थांबतं.

मॅनेजरला सीसीमध्ये घ्यावं का? पहिल्या मेलमध्ये नाही. रिक्रूटरला ती वरिष्ठांकडे केलेली तक्रार वाटते, आणि मॅनेजर काही झालं तरी उत्तर तुम्हाला न देता तिलाच विचारतो. पाच कामाचे दिवस गेले आणि एक अक्षरही आलं नाही, तर मॅनेजरला तीन ओळी लिहाव्या आणि तेव्हा रिक्रूटरला सीसीमध्ये ठेवावं. तुमची तारीख त्याआधीच संपत असेल तर एवढे दिवस थांबू नये.

वेळेबद्दल मी जरा हट्टी आहे. रात्री अकराला पाठवलेला मेल सकाळी चाळीस मेलांच्या खाली गेलेला असतो. सोमवारी सगळ्यांच्या मीटिंगा, शुक्रवारी दुपारनंतर कुणी काही पुढे सरकवत नाही. भाचीने मेल गुरुवारी १९ जूनला सकाळी सव्वादहाला जाईल असा लावून ठेवला, शेवटच्या फेरीनंतरच्या दहाव्या कामाच्या दिवशी. सकाळचं आणखी एक कारण होतं. मंजुरीतला एक जण अमेरिकेत बसतो, असं तिला मुलाखतीत कळलं होतं. जूनमध्ये आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजलेले असतात. मेल आपल्या सकाळी गेला तर तिकडचं ऑफिस उघडेपर्यंत इथल्या लोकांना तो पुढे ढकलायला पूर्ण दिवस मिळतो.

व्हॉट्सॲपचं काय? मेल गेल्यावर दुसऱ्या दिवशी एक ओळ चालते, की कालच्या मेलमध्ये २५ तारखेबद्दल लिहिलंय, कृपया बघा. सगळा मजकूर तिथे लिहू नये. मंजुरी मागताना कुणी व्हॉट्सॲपचा फोटो जोडत नाही.

एवढं करूनही या मेलची ताकद मर्यादितच आहे. ठरलेला नकार त्याने होकार होत नाही, आणि गोठवलेली जागाही उघडत नाही. उत्तर तयार असेल तर ते लवकर मिळतं, आणि अडकलेलं असेल तर सुटण्याची शक्यता वाढते. भाचीला मी हेही सांगून ठेवलं होतं की २४ तारखेला संध्याकाळपर्यंत काही आलं नाही तर दुसरी ऑफर स्वीकारायची, आणखी दोन दिवस वाट पाहायची नाही. शांत बसलेल्या कंपनीसाठी हातातलं लेखी पत्र सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून असा नियम आहे की २५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने जाहीर केलेल्या जागेसाठी ज्याची मुलाखत घेतली, त्याला शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही ते कळवलं पाहिजे. आपल्याकडे खासगी नोकरीत असं कुठलंही बंधन नाही. म्हणून आपली तारीख आपल्यालाच ठरवावी लागते आणि ती पाळावीही लागते.

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला उत्तर आलं, एकाच ओळीचं: बघते आणि कळवते. भाची हिरमुसली. मला मात्र बरं वाटलं, कारण दोन आठवड्यांनी पहिल्यांदा पलीकडून कुणीतरी टाइप केलं होतं. शुक्रवारी रात्री पुढचा मेल आला. सोमवारी पत्र पाठवतो, तोपर्यंत राजीनामा देऊ नका, असं त्यात लिहिलं होतं. रिक्रूटरने घाईत तो साखळीतूनच पाठवला होता, खालचं काही न पुसता. भाची स्क्रोल करत खाली गेली आणि मला हाक मारली.

खाली तिचाच मेल होता, जसाच्या तसा. त्याच्यावर रिक्रूटरने गुरुवारी १०:५२ला मॅनेजरला लिहिलेली ओळ होती: खाली पाहा, हिच्याकडे २५ तारखेपर्यंत वेळ आहे, फिटमेंट ११ तारखेपासून फायनान्सकडे आहे. त्याच्यावर मॅनेजरने संध्याकाळी पावणेसातला फायनान्सच्या अमेरिकेतल्या माणसाला लिहिलेली ओळ: आज होईल का? आणि सगळ्यात वर एक शब्द: `Approved`.

आठ दिवस तो कागद एका माणसाच्या इनबॉक्समध्ये पडून होता. त्या माणसाला भाचीचं नावही माहीत नव्हतं.

सोमवारी २३ तारखेला पत्र आलं. तिने हुद्दा, पगाराची फोड, रुजू व्हायची तारीख आणि नोटीसचे पैसे कोण भरणार ते कलम, सगळं दोनदा वाचलं. तारखेत एक चूक निघाली, ती दुरुस्त करून घेतली आणि मंगळवारी सही केली. मग दुसऱ्या कंपनीच्या रिक्रूटरला नकाराच्या दोन ओळी लिहिल्या, २५ तारीख उजाडायच्या आत. राजीनामा तिने त्यानंतर टाइप करायला घेतला.